गाडी थांबवायचा अधिकार कुणाचा?

*नमस्कार ताई. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशिन शॉप आहे. पंपांचे शाफ्ट आणि इम्पेलर करतो. मिस्टर शॉप बघतात, मी हिशेब आणि माणसांचं बघते. आता आम्ही वीस जण झालोय. गेल्या वर्षी एका सल्लागाराकडून मिशन आणि व्हॅल्यूज लिहून घेतलं. गुणवत्ता, सचोटी, ग्राहक समाधान, टीमवर्क, नावीन्य. फ्रेम करून ऑफिसात लावलंय. दिवाळीच्या तोंडावर एका शनिवारी ४०० शाफ्टच्या लॉटमधले काही नग दोन-तीन मायक्रॉन कमी निघाले. आमचा सेटर म्हणाला, गाडी थांबवा. मिस्टर म्हणाले, सोमवारी गिऱ्हाइकाची लाइन बंद पडेल, जाऊ दे. माल गेला. परत काही आला नाही, पण सेटर महिन्याभरात सोडून गेला. त्याच्या जागी घेतलेले दोघंही टिकले नाहीत. मुलगा पुण्याला नोकरीत आहे. तो म्हणतो, आधी स्टेटमेंट नीट लिहू, मग माणसं घेऊ. नुसतं लिहून काय होणार? आणि लिहायचंच तर कसं?*
*— एक वाचक, सांगली*

ताई,

तुमच्या फ्रेमनं त्या संध्याकाळी कुणालाच मदत केली नसती. ‘गुणवत्ता’ सांगते गाडी थांबवा, ‘ग्राहक समाधान’ सांगतं गाडी सोडा. दोन्ही शब्द एकाच फ्रेममध्ये, एकाच आकाराच्या अक्षरांत. सेटरही त्या फ्रेमप्रमाणेच बोलला आणि तुमचे मिस्टरही. ज्या कागदावरून दोघंही बरोबर ठरतात, त्या कागदावरून निर्णय होत नाही. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचं चालतं.

म्हणून मुलाचं म्हणणं मला अर्धं पटतं. नीट लिहायला हवं, पण आणखी चांगले शब्द शोधून ते होणार नाही. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींवर आदळतात तेव्हा तुमच्याकडे कुठली जिंकते, ते लिहायचं. एवढं एक साधलं तर कागद कामाला येतो. तसं लिहिलंय की नाही, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. वाक्य उलटं करून बघा. ‘आम्ही वाईट माल करतो’ असं शेजारचा कुठलाही कारखानदार म्हणणार नाही, म्हणजे ‘गुणवत्ता’ या शब्दानं तुम्ही काहीच निवडलं नाही. ‘आम्ही नवशिक्याला मशिनवर उभं करून शिकवतो’ हे मात्र उलटं करता येतं. ‘आम्ही तयार सेटरच घेतो आणि पगार जास्त देतो’ असं म्हणणारा माणूसही शहाणाच असतो, त्याचाही धंदा चालतो. अशा दोन शहाण्या वाटांपैकी तुमची कुठली, एवढंच लिहिण्याजोगं असतं. कायद्यानं जे करावंच लागतं तेही या कागदावर नको. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो. तो वेळेवर भरणं हे तुमचं मूल्य नाही, तुमच्यावरचं बंधन आहे.

आता तुमच्याच शाफ्टवर हे करून पाहू. ड्रॉइंग माझ्यासमोर नाही, पण पंपाच्या शाफ्टवर बेअरिंग बसते तिथलं माप बहुधा असं असतं: २५ मिलिमीटर, के६. म्हणजे नग २५.००२ ते २५.०१५ मध्ये हवा. तुमच्या सेटरला मायक्रोमीटरवर २४.९९९, २५.००० असं काही दिसलं असणार. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसायला हवी. सैल बसली तर पंप चालताना ती शाफ्टवर सावकाश सरकत फिरते, जागा झिजवते आणि काही महिन्यांनी पंप थरथरायला लागतो. यात तुमच्या मिस्टरांच्या बाजूनंही बोलायला हवं. बेअरिंगचं भोकही नेमकं २५ नसतं, ते शून्य ते दहा मायक्रॉन कमी असतं. त्यामुळे २४.९९९ चे बरेच नग चालूनही जातात. त्यांचा अनुभव त्यांना हेच सांगत असेल आणि तो खोटा नाही.

पण ४०० पैकी कोणता नग कोणत्या बेअरिंगला भेटणार, ते कुपवाडला बसून कुणाला कळणार? थोडा सैल शाफ्ट चालेल की नाही, हे ज्यानं पंप डिझाइन केला त्यानं ठरवायचं. त्याला न विचारता माल गेला म्हणजे त्याचा निर्णय तुम्ही घेतलात. परत काही आलं नाही, यावरूनही इतक्यात काही ठरवू नका. दिवाळीला गेलेल्या शाफ्टचे पंप सलग चालतात ते उन्हाळ्यात.

हे सगळं पोटात घेऊन लिहिलेलं वाक्य साधारण असं होईल: ‘मापाबाहेरचा नग सापडला की लॉट थांबतो. थांबवायला कुणाचीही परवानगी लागत नाही, हेल्परलाही नाही. सोडायला मात्र गिऱ्हाइकाची लेखी परवानगी लागते, आणि ती मागणारा फोन त्याच दिवशी जातो.’

या वाक्यात गुणवत्ता हा शब्दही नाही. पण शनिवारी सहा वाजता काय करायचं, ते त्यात आहे. थांबवण्याचा अधिकार खालपर्यंत दिलाय आणि सोडण्याचा अधिकार मालकाच्याही हातातून काढून गिऱ्हाइकाकडे नेलाय. ही सगळी ताकद त्या असमानतेत आहे. मालकाला ‘मी बघतो’ म्हणायची मुभा ठेवलीत, तर वाक्य तिथेच संपलं.

थांबवणं म्हणजे अख्खी गाडी रिकामी ठेवणं नव्हे, हे मिस्टरांना आकड्यांनी दाखवा. एका नगाची सीट मोजून बाजूला ठेवायला अर्धा मिनिट धरा. ४०० नगांना २०० मिनिटं लागतात, एका माणसाला सव्वातीन तास. दोघं बसले तर पावणेदोन तासांत लॉट निवडून होतो. समजा ६० नग खाली निघाले. मग ३४० नग त्याच रात्री जातात, गिऱ्हाइकाला फोनवर साठचा आकडा सांगितला जातो आणि सोमवारी त्याची लाइन सुरू होते. उरलेल्या ६० नगांचं तो ठरवेल. लेखी डेव्हिएशन देईल किंवा नको म्हणेल. नको म्हणाला तर ते भंगारात धरा. माप जास्त असतं तर पुन्हा घासता आलं असतं. कमी झालेल्या शाफ्टवर क्रोम चढवून पुन्हा ग्राइंड करायचं म्हटलं तर लहान नगाला ते क्वचितच परवडतं. तो तोटा खरा आहे. ते वाक्य पाळण्याची तीच किंमत, आणि ती आधीच मान्य करून मग सही करायची.

असली वाक्यं तुम्हाला टेबलावर बसून सुचणार नाहीत. ती घडलेल्या गोष्टींत असतात. तुम्ही, मिस्टर, सुपरवायझर आणि सगळ्यात जुना ऑपरेटर, अशा चौघांनी वेगवेगळं बसून गेल्या दोन वर्षांतले प्रसंग लिहून काढा. फक्त प्रसंग, विशेषणं नकोत. पैसे मिळत असताना आपण काय सोडलं? कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणालो? कुणाला काढलं, आणि काढायला हवं असताना कुणाला ठेवलं? कधी मान फिरवली? जुन्या ऑपरेटरला लिहायचा कंटाळा असेल तर चहाला बसवून तो बोलेल ते तुम्ही लिहा, आणि त्या वेळी मिस्टर तिथे नसावेत. मग चारही कागद शेजारी ठेवा. जो प्रसंग तिघांच्या कागदावर आहे, तिथे तुमच्या कंपनीचं काहीतरी ठरलेलं आहे, मग ते चांगलं असो वा वाईट. वाईट असेल तर तसं मान्य करा. आहे ते आणि हवं ते एकाच यादीत मिसळलं की कामगार पहिल्याच दिवशी ओळखतात आणि बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

त्यातून तीन-चार ओळी निघाल्या तरी पुष्कळ. आणि त्यांना क्रम द्या. जॉन्सन अँड जॉन्सनचं १९४३ सालचं एक पानी ‘क्रेडो’ प्रसिद्ध आहे. त्यातली माझ्या मते कामाची गोष्ट म्हणजे तिथे जबाबदाऱ्यांना क्रम लावलाय. आधी औषधं वापरणारे रुग्ण आणि डॉक्टर, मग कामगार, मग समाज, आणि भागधारक सगळ्यात शेवटी. १९८२ साली शिकागोच्या परिसरात कुणीतरी त्यांच्या टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं आणि सात माणसं गेली. तेव्हा कंपनीनं देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. नुसत्या कागदामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण आधी कुणाचा विचार करायचा, यावर तिथे नव्यानं वाद घालावा लागला नाही. तुमच्याकडे तारीख आणि माप यांच्यात कोण वर, एवढं जरी क्रमानं लिहिलंत तरी नवऱ्या-बायकोतले निम्मे वाद कमी होतील.

मिशनवर मी फार वेळ घालवणार नाही, तुम्हीही घालवू नका. एक वाक्य पुरे: कुणासाठी, काय, आणि किती. उदाहरणार्थ, ‘सांगली-कोल्हापूर भागातल्या पंपवाल्यांना ५० ते १,००० नगांच्या लॉटमध्ये शाफ्ट आणि इम्पेलर, मापात आणि कबूल तारखेला.’ उद्या कुणी महिना वीस हजार नगांची गाडीच्या पार्टची ऑर्डर घेऊन आला तर या वाक्यावरून नाही म्हणता येतं. किंवा हो म्हणायचं असेल तर आधी वाक्य बदलावं लागतं, म्हणजे विचार करावा लागतो. ‘जागतिक दर्जाचे अग्रगण्य’ वगैरे लिहिलं की कुठल्याच ऑर्डरला नाही म्हणता येत नाही.

आता माणसं घेण्याचं. सेटर टिकत नाहीत याचं कारण मला तुमच्या पत्रावरून पक्कं सांगता येणार नाही. पण त्यांना घेताना काय विचारलं होतं ते आठवून बघा. बहुतेक ठिकाणी मशिन कुठली चालवली, किती पगार होता, गाव कुठलं, एवढंच विचारतात आणि मग ‘माणूस बरा वाटतो’ म्हणून ठेवतात. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, तेही त्याच्या मागच्या कामातल्या खऱ्या प्रसंगावर, आणि गुण कशाला किती हे आधी ठरवलेलं, अशी मुलाखत नुसत्या गप्पांपेक्षा माणूस जास्त चांगला ओळखते. माणसं निवडण्याच्या अभ्यासात हे फार पूर्वीपासून पुन्हा पुन्हा दिसलंय.

वर लिहिलेल्या ओळीवरून प्रश्न असा होईल: ‘तुमच्या हातून नग मापाबाहेर गेला आणि तो अजून कुणाला कळला नव्हता, असं शेवटचं कधी झालं? मग तुम्ही काय केलंत?’ ‘माझ्याकडून असं होतच नाही’ म्हणणाऱ्याला सर्वांत कमी, एक गुण. मशिन चालवणाऱ्या प्रत्येकाकडून ते होतं. ‘सुपरवायझरला सांगितलं’ एवढंच म्हणणाऱ्याला दोन. कुठला भाग, किती नग, ऑफसेट चुकला की इन्सर्ट झिजलं, कुणाला कधी सांगितलं, हे सगळं सांगतो त्याला तीन. आधीचे चांगले वाटणारे नगही परत तपासले असं न विचारता सांगतो त्याला चार. तुम्ही आणि सुपरवायझरनं वेगवेगळे गुण लिहायचे आणि उमेदवार गेल्यावरच एकमेकांना दाखवायचे. दोघांत दोन गुणांचा फरक पडला तर सरासरी काढू नका. त्यानं नेमकं काय सांगितलं, ते एकमेकांना पुन्हा सांगा.

मग त्याला पाच शाफ्ट, ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर द्या. एक शाफ्ट दोन मायक्रॉन खाली असलेला असू दे. तो मोजण्याआधी मायक्रोमीटरची तोंडं पुसतो का, शून्य बघतो का, ते लांबून बघा. आणि चाललेल्या कामात सहज म्हणा, ‘जरा लवकर, गाडी थांबलीय.’ मिळालेला आकडा तसाच लिहितो की २५.००२ करून टाकतो, हे तुम्हाला दहा मिनिटांत कळेल. बोलण्यात कच्चा पण हाताचा सच्चा माणूसही इथेच सापडतो. नुसत्या मुलाखतीत तो मागे पडला असता.

इथे एक धोका आहे आणि तो आपल्या भागात फार आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ‘आमच्या मूल्यांत बसतो का’ याचा अर्थ हळूहळू ‘आमच्यातला वाटतो का’ असा होतो. मग पाहुण्यातला, गावातला, जातीतला माणूस आपोआप ‘बसतो’ आणि मिरजेच्या वस्तीतला पोरगा ‘बसत नाही’. म्हणून एक नियम करा. नकाराचं कारण लिहिताना वरच्या ओळींपैकी कुठली ओळ आणि उमेदवाराचं कुठलं उत्तर, हे दोन्ही लिहायचं. ते लिहिता आलं नाही तर ते कारण नव्हे. गाव, लग्न, घरचं कोण काय करतं, हे विचारायचंच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपल्याच जिल्ह्यातल्या कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालीचं काम दिलं होतं. कुणावर भरवसा ठेवायचा हे त्यांनी आडनावावरून ठरवलं नाही. कुंडल रोड तुमच्यापासून फार लांब नाही.

निवडलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ती ओळ किंमतीसकट सांगा. ‘इथे तू लॉट थांबवलास तर तुला कुणी बोलणार नाही. पण लॉट निवडायला रात्री थांबावं लागेल.’ हे ऐकून कुणी दुसरीकडे गेला तर चांगलंच, चौथ्या महिन्यात जाण्यापेक्षा बरं.

यापुढचं तुमच्या टेबलावरचं काम आहे, कारण पगार तुम्ही काढता. तुमच्याकडे नगांवर इन्सेन्टिव्ह असेल तर तो कशावर मोजता ते आजच बघा. मशिनवरून उतरलेल्या नगांवर मोजत असाल तर कागदावर काहीही लिहा, शॉपमध्ये पगारपत्रकच वाचलं जातं. तपासून पास झालेल्या नगांवरच इन्सेन्टिव्ह द्या. आणि ऑपरेटरनं स्वतः सांगून मशिन थांबवली असेल तर तो वेळ त्याच्या टार्गेटमधून वजा करा. नाहीतर प्रामाणिकपणाचा दंड तोच भरतो. थांबवल्यावर माप बरोबर निघालं, असंही कधी होईल. त्या दिवशी मिस्टर काय बोलतात यावर पुढचं वर्षभर कोण तोंड उघडणार, ते ठरेल. ‘बरं केलंस, मोजून घेतलं’ एवढंच म्हणायचं आणि मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला धाडायचं.

ओळी मोडल्या जातील, हे धरून चला. त्यासाठी एक साधी वही ठेवा. कुठली ओळ, कुठल्या तारखेला, कुणी, कशासाठी मोडली. मालकानं मोडली तर मालकानं स्वतःच्या हातानं लिहायचं. तीन महिन्यांनी चौघं पुन्हा बसा आणि वही उघडा. एखादी ओळ वारंवार मोडली असेल तर दोनच गोष्टी शक्य आहेत: ती ओळ तुमची नाहीच, किंवा तिच्याआड काहीतरी दुसरं बिघडलंय. तुमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळीच माल मापाबाहेर जात असेल, तर घाईत ऑफसेट दिला जातोय आणि तारखा मुळातच कमी दिवसांच्या कबूल केल्या जातायत. तो प्रश्न मूल्यांचा नाही, प्लॅनिंगचा आहे, आणि तो तिथेच सोडवायला हवा.

हे सगळं वीस माणसांतच जमतं. इथे प्रत्येक जण मालकाला रोज बघतो, म्हणून कागद आणि वागणं यांतलं अंतर लपत नाही. म्हणून सुरुवात मिस्टरांपासून करा, मुलानं पाठवलेल्या नमुन्यापासून नको. शाफ्टची ओळ त्यांच्यासमोर ठेवा आणि एकच विचारा: ‘तोच शनिवार पुन्हा आला आणि गिऱ्हाईक फोनवर ओरडत असलं, तर ही ओळ तुम्हाला बांधील का?’ ते नाही म्हणाले तर ती लिहू नका. जिथे ते हो म्हणतील ती ओळ शोधा, भले ती एवढी कडक नसेल. ‘ए ग्रेडच्या गिऱ्हाइकाचा माल विचारल्याशिवाय जाणार नाही’ एवढ्यावरही ते तयार झाले, तरी पाळण्याजोगी एक ओळ मिळाली.

ते हो म्हणाले, तर पुढचा क्रम असा ठेवा. आधी इन्सेन्टिव्हचा हिशेब बदला आणि एक पगार त्या हिशेबानं होऊ दे. मग सगळ्यांना एकत्र करून ओळी वाचून दाखवा, दिवाळीच्या लॉटचं नाव घेऊन. मिस्टरांनी स्वतः बोलावं. सेटरची जाहिरात त्यानंतर द्या. आणि गेलेल्या सेटरचा नंबर असेल, तर जाहिरातीआधी एक फोन त्याला करा. तो परत येवो न येवो, गाडी थांबवा म्हणताना त्यानं नेमकं काय पाहिलं होतं आणि त्याआधी कितीदा गप्प बसला होता, ते त्याला विचारा. तुमच्या प्रसंगांच्या यादीतला पाचवा कागद त्याचा असायला हवा.